फॉर्म १६ आणि २६एएस जुळत नाही, कंपनीला पत्रात नेमकं काय मागायचं

प्रश्न: प्रायव्हेट कंपनीत नोकरी, न्यू रिजीम. २०२४-२५ च्या फॉर्म १६ मध्ये टीडीएस ९२,५६० आहे पण २६एएस मध्ये फक्त ७०,०६० दिसतंय. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या तिन्ही स्लिपवर ७,५०० कापलेले आहेत, तेच २६एएस मध्ये नाहीत. एचआरला दोनदा मेल केला, ते म्हणतात फॉर्म १६ बरोबर आहे, तुमच्या सीएला विचारा. आता लेखी पत्र द्यायचंय की फॉर्म १६ करेक्ट करून द्या. त्यात काय लिहू?

उत्तर:

पत्र द्याच, पण "फॉर्म १६ करेक्ट करून द्या" असं लिहू नका. असं लिहिलंत की काय होतं ते मी खूप वेळा बघितलंय, पेरोलवाला पोरगा सॉफ्टवेअरमधून तोच फॉर्म परत प्रिंट करतो, सही-शिक्का मारतो आणि म्हणतो घ्या, बरोबरच होता. तुमच्या २६एएस मध्ये एक रुपया वाढत नाही. कारण २६एएस फॉर्म १६ वरून बनतच नाही. कंपनी दर तिमाहीला २४क्यू नावाचं टीडीएस रिटर्न भरते, त्यात तुमच्या नावाची आणि पॅनची एक ओळ असते, ती ओळ प्रोसेस झाली की एकीकडे २६एएस मध्ये एन्ट्री पडते आणि दुसरीकडे ट्रेसेसच्या, म्हणजे टॅक्स डिपार्टमेंटच्या टीडीएससाठीच्या साइटवर फॉर्म १६ चा पार्ट ए तयार होतो. दोघांचं मूळ एकच, म्हणून खऱ्या पार्ट ए आणि २६एएसमध्ये फरक पडायचं कारणच नाही. तुमच्यात २२,५०० चा फरक आहे म्हणजे तुमच्या हातातला कागद एकतर ट्रेसेसवरून आलेलाच नाही, किंवा त्यात कोणीतरी हाताने जोडजाड केलीये.

हे तपासायला दोन मिनिटं लागतात. पार्ट ए च्या पहिल्या पानावर सर्टिफिकेट नंबर आहे का बघा, ट्रेसेसच्या पीडीएफवर तो असतोच. मग ट्रेसेसवर टॅक्सपेयर म्हणून लॉगिन करून `Verify TDS Certificate` मध्ये तो नंबर, कंपनीचा टॅन म्हणजे टॅक्स कापणाऱ्याचा नंबर, आणि रक्कम टाकून बघा. नंबरच नसेल किंवा व्हेरिफाय होत नसेल तर कागद पेरोल सॉफ्टवेअरचा आहे. सीबीडीटीच्या २०१३ च्या सर्क्युलर ४ पासून पार्ट ए ट्रेसेसवरून डाऊनलोड करूनच द्यायचा असतो, त्यामुळे तसा कागद सर्टिफिकेट म्हणून धरता येत नाही, मग त्यावर डायरेक्टरची सही असली तरी.

पार्ट ए मध्ये वरच तिमाहीनिहाय एक छोटा तक्ता असतो, त्यात प्रत्येक तिमाहीसमोर २४क्यू चा रिसीट नंबर, दिलेला पगार, कापलेला टॅक्स आणि भरलेला टॅक्स. तुमच्या केसमध्ये तिसऱ्या तिमाहीसमोर रिसीट नंबर आहे की जागा रिकामी आहे हे आधी बघा, पत्रात ते कामाला येतं.

आता पत्र लिहिण्याआधी एक काम, आणि हे न करता पत्र दिलं तर ते हवेत जातं. एखाद्या सहकाऱ्याला विचारा की तुझ्या २६एएस मध्ये ऑक्टोबर ते डिसेंबर दिसतंय का. त्याचंही दिसत नसेल तर कंपनीने तिसऱ्या तिमाहीचं रिटर्नच भरलेलं नाही, किंवा त्याहून वाईट, टॅक्स कापला पण सरकारकडे भरलाच नाही. त्याचं दिसत असेल आणि तुमचंच नसेल तर प्रॉब्लेम तुमच्या एका ओळीत आहे, आणि असं असलं की दहापैकी आठ वेळा पॅन चुकलेला निघतो हा माझा अनुभव, आकडेवारी नाही. तिसरा प्रकार म्हणजे एन्ट्री दिसते पण `Status of Booking` मध्ये एफ ऐवजी यू असतो, तेव्हा चलनाचे तपशील रिटर्नशी जुळलेले नसतात. तुमच्याकडे एन्ट्रीच नाही म्हणताय, म्हणजे तो प्रकार नाही.

पॅन चुकलाय का हे कंपनीने सांगायची वाट बघायला नको. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरच्या सॅलरी स्लिपा काढा आणि त्यावर छापलेला पॅन एकेक अक्षर करून तुमच्या कार्डाशी ताडून बघा. पॅन म्हणजे पाच अक्षरं, चार आकडे, शेवटी एक अक्षर. नजर सरळ फिरवली तर आपलाच नंबर वाटतो, म्हणून शेवटून पहिल्याकडे वाचा, चूक लगेच सापडते.

माझ्याकडे अशीच एक केस आली होती. कंपनीने ऑक्टोबरमध्ये पेरोलचं काम नवीन व्हेंडरला दिलं, डेटा नव्या सिस्टिममध्ये चढवताना पॅनमधले दोन आकडे उलटसुलट झाले, जानेवारीत कोणाच्या तरी लक्षात आलं आणि मास्टरमध्ये सुधारलं, पण तिसऱ्या तिमाहीचं रिटर्न चुकीच्या पॅनवरच भरलं गेलं आणि ते सुधारायचं राहिलं. म्हणून पहिली, दुसरी, चौथी तिमाही ठीक आणि मधलीच गायब. तुमच्या आकड्यांचा पॅटर्न मला हुबेहूब तसाच वाटतोय. पहिल्या नऊ महिन्यांत दरमहा ७,५०० म्हणजे ६७,५००, शेवटच्या तीन महिन्यांत २५,०६०, एकूण ९२,५६०. त्यातून एक तिमाही म्हणजे २२,५०० गेले की ७०,०६०. फरक बरोबर एका तिमाहीएवढा आहे, म्हणजे महिनाभराची चूक किंवा राउंडिंगचा घोळ नाही, आख्खी ओळच दुसरीकडे गेलीये.

आणि इथेच तुमच्या हातात एक गोष्ट आहे जी एचआरला बहुतेक माहीत नसते. चुकीचा पॅन फॉरमॅटला बरोबर असेल पण अस्तित्वातच नसेल, तर रिटर्न अपलोड होताना अडत नाही, पण प्रोसेसिंगमध्ये टीडीएस सीपीसी त्याला इनव्हॅलिड पॅन धरतं आणि कलम २०६एए प्रमाणे २० टक्क्याने टॅक्स कापायला हवा होता असं म्हणून फरकाची डिमांड कंपनीवर टाकतं. तुमचा महिन्याचा ग्रॉस १,१०,००० धरला (९२,५६० हा न्यू रिजीमचा टॅक्स बरोबर तेवढ्या पगारावर येतो, म्हणून तो धरतोय) तर तिमाहीचा ३,३०,०००, त्याचे २० टक्के ६६,०००, कापलेले २२,५००, म्हणजे ४३,५०० शॉर्ट डिडक्शन कंपनीच्या टॅनवर उभं असणार आणि वर दरमहा व्याज. पॅन सुधारला की ही डिमांड निघून जाते. म्हणजे करेक्शन करणं हे तुमच्यावर उपकार नाहीत, त्यांच्याच डोक्यावरचं ओझं कमी होणार आहे. पत्रात धमकीची भाषा करण्यापेक्षा हे एक वाक्य लिहिलेलं जास्त चालतं, फायनान्सवाला ते वाचून लगेच ट्रेसेस उघडतो.

पत्र कोणाला? एचआरला नाही. फॉर्म १६ च्या शेवटी व्हेरिफिकेशनमध्ये ज्याचं नाव आणि पद आहे तो माणूस टॅक्स कापण्याला जबाबदार म्हणून सही करतो, पत्र त्याच्या नावे, प्रत फायनान्स हेडला आणि एचआरला. मेलने पाठवा आणि कागदावरही द्या, इनवर्डचा शिक्का घेऊन दुसरी प्रत जवळ ठेवा. इनवर्ड घेत नसतील तर स्पीड पोस्ट. हा पुरावा पुढे टॅक्स डिपार्टमेंटला दाखवायला लागतो, कंपनीशी भांडायला नाही.

मजकूर मराठीत देतोय, तुमच्याकडे सगळं इंग्रजीत चालत असेल तर त्याच क्रमाने इंग्रजीत लिहा, पण आकडे आणि मागण्या जशाच्या तशा ठेवा:

प्रति, टीडीएससाठी जबाबदार अधिकारी (फॉर्म १६ वरील नाव व पद), कंपनीचं नाव, टॅन.

विषय: २०२४-२५ च्या तिसऱ्या तिमाहीच्या २४क्यू विवरणपत्रात माझ्या नोंदीची दुरुस्ती करून फॉर्म १६ पुन्हा देण्याबाबत. कर्मचारी क्रमांक, पॅन.

महोदय/महोदया,

आर्थिक वर्ष २०२४-२५ साठी मला दिलेल्या फॉर्म १६ मध्ये कलम १९२ खाली एकूण ९२,५६० रुपये करकपात दाखवली आहे. माझ्या २६एएस मध्ये मात्र आपल्या टॅनसमोर ७०,०६० रुपयेच दिसतात (ज्या तारखेला पाहिलं ती तारीख). फरक २२,५०० रुपयांचा आहे आणि तो पूर्णपणे ऑक्टोबर ते डिसेंबर २०२४ या तिमाहीचा आहे. या तिन्ही महिन्यांत माझ्या पगारातून दरमहा ७,५०० रुपये कापले गेल्याचे पगारपत्रकांवर नमूद आहे. बाकी तीन तिमाहींच्या नोंदी जुळतात.

या तीन महिन्यांच्या पगारपत्रकांवर माझा पॅन (छापलेला पॅन) असा आहे, माझा योग्य पॅन (बरोबर पॅन) असा आहे. विवरणपत्रातही हाच चुकीचा पॅन गेला असण्याची शक्यता आहे. तसे असल्यास त्या नोंदीमुळे आपल्या टॅनवरही इनव्हॅलिड पॅनची शॉर्ट डिडक्शन डिमांड आली असेल, ती दुरुस्तीनंतर रद्द होऊ शकते.

आपणास विनंती की, पहिले, तिसऱ्या तिमाहीच्या मूळ विवरणपत्राचा टोकन क्रमांक आणि त्यात माझ्या नोंदीसमोर दिलेला पॅन कळवावा. दुसरे, माझ्या २२,५०० रुपयांचा समावेश असलेल्या चलनांचा बीएसआर कोड, भरणा दिनांक व चलन क्रमांक कळवावा. तिसरे, या पत्रापासून १५ दिवसांत दुरुस्ती विवरणपत्र दाखल करून त्याचा टोकन क्रमांक द्यावा. चौथे, ते प्रोसेस झाल्यावर ट्रेसेसवरून डाऊनलोड केलेला सुधारित फॉर्म १६ द्यावा.

सोबत: फॉर्म १६ ची प्रत, २६एएस, ऑक्टोबर ते डिसेंबरची पगारपत्रके, त्याच महिन्यांचे बँक स्टेटमेंट, पॅन कार्डाची प्रत.

बस, एवढंच. कलमांची यादी लावू नका, कायदेशीर नोटीस वाटली की फाइल लीगलकडे जाते आणि महिनाभर तिथेच पडते.

चार मागण्यांत दुसरी फालतू वाटते ना, पण मला सगळ्यात महत्त्वाची तीच वाटते. चलनाचे तपशील लगेच दिले तर समजा पैसे सरकारकडे गेलेत आणि हा नुसता नोंदीचा घोळ आहे. बाकी तिन्हीचं उत्तर आलं आणि ह्याला टाळाटाळ झाली तर टॅक्स भरलाच नसेल असा संशय धरा, मग हे प्रकरण पत्राने सुटणारं नाही. बँक स्टेटमेंट जोडायचं कारणही तेच, निव्वळ पगार कमी जमा झाला म्हणजे टॅक्स तुमच्याकडून खरंच कापला गेला हे त्यातून दिसतं, स्लिप नुसती कंपनीचा कागद आहे.

सहकाऱ्याचंही दिसत नसेल तर पॅनचा परिच्छेद काढून टाका आणि "तिसऱ्या तिमाहीचे विवरणपत्र दाखल झाले आहे का, असल्यास पावती क्रमांक कळवावा" एवढं लिहा. अशा वेळी तीन-चार जणांनी एकत्र सही करून दिलेलं पत्र बरं.

अजून एक, ह्या पत्रात पार्ट बी च्या तक्रारी घुसवू नका. भत्ता चुकीचा धरला, मागच्या कंपनीचा पगार धरला नाही, असल्या गोष्टींनी २६एएस मधला टीडीएसचा आकडा बदलत नाही. त्या पार्ट बी मध्ये येतात, पार्ट बी चौथ्या तिमाहीच्या रिटर्नच्या अ‍ॅनेक्शर दोनवरून बनतो, त्याचं करेक्शन वेगळं भरावं लागतं. पुरावे तुमच्याकडे असतील तर बऱ्याचशा गोष्टी तुम्ही स्वतःच्या रिटर्नमध्ये सरळ बरोबर भरू शकता. दोन्ही एकत्र लिहिलंत की कंपनी सोपी चूक सुधारते, अवघड तशीच ठेवते, आणि सगळं झालं म्हणून कळवते.

कंपनीने काय करायचं असतं तेही सांगतो, म्हणजे कोणी "सिस्टिम अलाऊ करत नाही" म्हणालं तर तुम्हाला कळेल. ते ट्रेसेसवरून त्या तिमाहीची कन्सो फाइल, म्हणजे आधी भरलेल्या रिटर्नचा पूर्ण डेटा मागवतात, त्यात तुमच्या ओळीतला पॅन बदलतात आणि करेक्शन स्टेटमेंट अपलोड करतात, किंवा ट्रेसेसवरच ऑनलाइन करेक्शन करतात. इनव्हॅलिड पॅनच्या जागी खरा पॅन टाकणं सोपं आहे. चुकीचा पॅन योगायोगाने दुसऱ्या कोणाचा खरा पॅन निघाला तर त्याला अटी आहेत आणि त्रास आहे, पण रस्ता आहे. पूर्वी अशा करेक्शनला कालमर्यादा नव्हती, आता आहे, म्हणून "पुढच्या वर्षी बघू" ला हो म्हणू नका. प्रोसेस झाल्यावर २६एएस मध्ये एन्ट्री यायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, टोकन नंबर मिळाला म्हणजे काम झालं असं नाही, करेक्शन रिजेक्टही होतं, तेव्हा २६एएस उघडून डोळ्यांनी बघा. त्यात `Date of Booking` नवीन तारखेची दिसली पाहिजे.

तुमच्या इन्कम टॅक्स रिटर्नची शेवटची तारीख करेक्शनच्या आधी आली तर? रिटर्न अडवून ठेवू नका, तारीख गेली की तुमच्या उत्पन्नाला ५,००० लेट फी लागते. रिटर्नमध्ये टीडीएस आधीच भरून येतो तो ७०,०६० असेल, तो बदलून प्रत्यक्ष कापलेला ९२,५६० टाका. पोर्टल वॉर्निंग देईल, देऊ दे. पुष्कळ जण घाबरून ७०,०६० वरच रिटर्न भरतात आणि उरलेले २२,५०० खिशातून भरतात, म्हणजे तोच टॅक्स दोनदा.

पूर्ण क्लेम केला आणि तोवर २६एएस सुधारलं नाही तर कलम १४३(१) ची इंटिमेशन येईल, २२,५०० ची डिमांड आणि वर व्याज, कारण तुटलेली रक्कम १०,००० च्या वर असल्याने सिस्टिम आपोआप कलम २३४बी चं व्याज लावते. भरू नका. पोर्टलवर डिमांडला असहमती नोंदवा आणि पत्राची इनवर्ड प्रत, स्लिपा, बँक स्टेटमेंट लावा. कलम २०५ सांगतं की पगारातून टॅक्स कापला गेला असेल तर तो कर्मचाऱ्याकडून पुन्हा मागायचा नाही, आणि अशा मिसमॅचच्या डिमांडची सक्तीने वसुली करू नका हे सीबीडीटीने जून २०१५ च्या पत्रात आणि परत ११ मार्च २०१६ च्या मेमोरँडममध्ये अधिकाऱ्यांना सांगितलंय. पण ह्याला मर्यादा आहे, कलम २०५ वसुली थांबवतं, २६एएस मध्ये क्रेडिट आणून देत नाही, आणि मधल्या काळात तुमचा दुसऱ्या वर्षाचा रिफंड असला तर तो ह्या डिमांडमध्ये वळता करायचा प्रयत्न होऊ शकतो, तसं आधी कळवणारा मेल आला तर मुदतीत उत्तर द्या. २६एएस सुधारलं की `Rectification` मध्ये जाऊन `Tax Credit mismatch correction` निवडा, नवीन काही भरावं लागत नाही, रिटर्न परत प्रोसेस होतं आणि डिमांड जाते.

पंधरा दिवसांत कंपनी हललीच नाही तर दुसरं पत्र, आणि ह्या पत्रात मात्र कायदा आणा. कलम २०३ खाली सर्टिफिकेट देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, न दिल्यास २७२ए(२) खाली दिवसाला ५०० रुपये दंड होऊ शकतो, आणि टीडीएस रिटर्नमध्ये चुकीची माहिती दिल्याबद्दल कलम २७१एच मध्ये १०,००० पासून १,००,००० पर्यंत दंडाची तरतूद आहे. प्रत कंपनीच्या टॅनच्या हद्दीतल्या टीडीएस असेसिंग ऑफिसरला. तुमचा स्वतःचा वॉर्ड वेगळा आणि टॅनचा वॉर्ड वेगळा असतो, तक्रार टॅनच्या वॉर्डात करायची, पोर्टलवर टॅन टाकून तो शोधता येतो. एआयएस मध्ये फीडबॅक टाकून हे सुटेल असं कोणी सांगितलं तर वेळ घालवू नका, तुमच्या फीडबॅकने कंपनीच्या २४क्यू मधली ओळ बदलत नाही.

आधी त्या तीन स्लिपांवरचा पॅन बघा आणि काय निघतं ते इथे लिहा (पूर्ण पॅन टाकू नका, कुठलं अक्षर किंवा आकडा चुकलाय एवढंच), त्यावरून पत्रातला दुसरा परिच्छेद कसा ठेवायचा ते सांगतो.